ॲडव्हान्स घेताय? आधी हप्त्याचा कागद मागा

करमाडला जालना रोडवर सकाळी उभं राहिलं की कंपन्यांच्या बस दिसतात. फर्स्ट शिफ्टची पोरं, पोरी डबा घेऊन त्यात चढतात आणि शेंद्र्याच्या दिशेनं निघतात. तुमच्यातले काही जण आज कॉलेजला जाणाऱ्या गाडीत असतील, पण डिग्री किंवा डिप्लोमा हातात आला की यातल्याच एखाद्या बसमध्ये जागा शोधतील. शेंद्रा एमआयडीसी होतीच, आता ऑरिक आलंय, बिडकीनला मोठे प्रकल्प येतायत. म्हणजे पहिला पगार मिळण्याची शक्यता घराजवळच आहे.

पहिल्या पगाराची चर्चा आपण भरपूर करतो. पॅकेज किती, इन-हँड किती, पीएफ कापतात का. पण नोकरी लागल्यावर सहा महिन्यांत बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य येतं, आणि त्याची तयारी मात्र कुणी करत नाही. ते वाक्य म्हणजे, ‘साहेब, थोडा ॲडव्हान्स मिळेल का?’ आईचं ऑपरेशन निघतं, बहिणीचं लग्न ठरतं, घराचे पत्रे उडतात. बँक म्हणते, नोकरीला वर्ष तर होऊ द्या. सावकाराचं दार नको वाटतं. मग उरतो मालक. तो पैसे देतो, आपण सही करतो आणि पुढच्या महिन्यात पगाराचा मेसेज आला की डोळे विस्फारतात.

हा विषय आत्ता काढण्याचं एक कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत पगारातून काय कापता येतं, किती कापता येतं आणि मालकानं दिलेले पैसे कसे वसूल करायचे, याची कलमं आहेत. आधी हे सगळं १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं. पण तो कायदा महिना २४ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच लागू व्हायचा. नव्या संहितेतल्या या तरतुदींना अशी पगाराची मर्यादा नाही. म्हणजे लाइनवरचा ऑपरेटर असो की ऑफिसातला इंजिनिअर, कपातीचा नियम दोघांना एकच.

आधी ओळखा, हे पैसे कुठले?

‘ॲडव्हान्स’ हा एक शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे कमावलेल्या पगारातली उचल. आज २० तारीख आहे, तुम्ही वीस दिवस काम केलंय आणि त्यातले चार हजार आधी मागताय. हे पैसे तुमचेच आहेत, फक्त तारखेच्या आधी हातात येतायत. पुढच्या पगारात ते एकदम वजा होतात आणि हिशेब संपतो. यावर व्याज लावायला तसं कारणच नसतं. मोबाइलवरच्या काही ॲप्समधून असे पैसे मिळतात, तिथं व्याज म्हणत नाहीत, ‘फी’ म्हणतात. चार हजारांवर दहा दिवसांसाठी शंभर रुपये फी ऐकायला किरकोळ वाटते. पण दहा दिवसांना अडीच टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबानं नव्वद टक्क्यांच्या वर जाते, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे अजून न कमावलेल्या पगाराची उचल. इथं तुम्ही पुढच्या पाच-दहा महिन्यांचं काम आज विकताय. वसुली हप्त्यानं होते. सरकारी नोकरीतला सण अग्रिम हा याचा साधा नमुना. ऑक्टोबर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना १० हजार रुपयांचा बिनव्याजी सण अग्रिम दिला होता, फेड जास्तीत जास्त दहा हप्त्यांत. गेल्या दिवाळीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, आपल्या एसटीच्या पात्र कर्मचाऱ्यांसाठी १२,५०० रुपयांची सण उचल जाहीर झाली. यात कुणी गोंधळत नाही, कारण रक्कम ठरलेली आणि वसुलीची पद्धतही ठरलेली. दिवाळीचा आनंद पुढचे काही महिने पगारातून फेडायचा, एवढाच अर्थ.

तिसरी गोष्ट म्हणजे मालकानं दिलेलं कर्ज. रक्कम मोठी, मुदत मोठी आणि बहुतेक वेळा व्याज. घरासाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी. वेतन संहितेत उचल आणि कर्ज यांची कलमं वेगळी आहेत. उचलीची वसुली कलम २३ मध्ये आणि कर्जाची कलम २४ मध्ये. कर्ज किती द्यायचं आणि व्याज किती लावायचं, याचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिलाय. म्हणजे मालकाला वाटेल तो आकडा लावण्याची मोकळीक कायद्याला अभिप्रेत नाही.

कलम २३ मधली एक बारीक गोष्ट नव्यानं नोकरीला लागणाऱ्यांनी जरूर वाचावी. नोकरी सुरू होण्याआधीच मालकानं पैसे दिले असतील, तर त्यांची वसुली पहिल्या पूर्ण पगारातून करायची असते. पण हे पैसे प्रवासखर्चासाठी दिले असतील, तर त्यांची वसुलीच करता येत नाही. ‘पुण्याला या, तिकीट आम्ही देतो’ म्हणून बोलावलं आणि नंतर तिकिटाचे पैसे पगारातून कापले, तर ते नियमाला धरून नाही.

नऊ टक्के आणि नऊ टक्के

आता एक हिशेब मांडू. समजा तुमचा एकूण पगार २० हजार आहे. पीएफ, ईएसआयसी आणि व्यवसाय कर मिळून दोन हजार जातात, हातात १८ हजार येतात. घरात ऑपरेशन निघालं आणि तुम्ही कंपनीकडून ६० हजार घेतले, फेड बारा महिन्यांत.

व्याज नसेल तर गणित सरळ आहे. महिन्याला ५ हजार हप्ता, हातात १३ हजार.

आता कंपनी म्हणते, व्याज नऊ टक्के. तुम्ही म्हणता, बँकेच्या पर्सनल लोनपेक्षा स्वस्त दिसतंय. पण खरा प्रश्न इथं पुढे आहे. हे नऊ टक्के कशावर?

एक पद्धत अशी की पूर्ण ६० हजारांवर पूर्ण वर्षाचं व्याज लावायचं. याला बोलीभाषेत फ्लॅट व्याज म्हणतात. साठ हजारांचे नऊ टक्के म्हणजे ५,४०० रुपये. एकूण फेड ६५,४००, त्याला बारानं भागलं की हप्ता ५,४५०.

दुसरी पद्धत म्हणजे उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे ६० हजार होते, म्हणून त्या महिन्याचं पाऊण टक्का व्याज ४५० रुपये. पाच हजार फेडलेत, आता ५५ हजारच उरलेत, तर पुढच्या महिन्याचं व्याज ५५ हजारांवर, म्हणजे सुमारे ४१२ रुपये. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात उरलेल्या ५ हजारांवर फक्त साडेसदतीस रुपये. बारा महिन्यांची बेरीज २,९२५ रुपये.

दोन्हीकडे लिहिलंय ‘नऊ टक्के’. एकीकडे ५,४०० आणि दुसरीकडे २,९२५. फरक अडीच हजारांचा, आणि तो फक्त एका न विचारलेल्या प्रश्नामुळे. तर्क साधा आहे. सहाव्या हप्त्यानंतर तुम्ही निम्मी रक्कम परत केलेली असते, तरी फ्लॅट पद्धतीत तुम्ही पूर्ण साठ हजारांवरच व्याज भरत राहता. बँकेच्या भाषेत बोलायचं तर फ्लॅट नऊ टक्के म्हणजे प्रत्यक्षात साधारण सोळा टक्के. म्हणून तुलना करताना कधीही फ्लॅट दराची तुलना बँकेच्या दराशी करू नका. दोन्हीकडे ‘एकूण परत किती द्यायचे’ एवढंच विचारा. त्या उत्तरात लपवालपवी करता येत नाही.

सरकारी खात्यांत तिसरीच पद्धत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या घरबांधणी अग्रिमात आधी मुद्दल पूर्ण वसूल करतात आणि व्याज त्यानंतरच्या हप्त्यांत घेतात. व्याज सरळ व्याजानं, उतरत्या शिल्लक रकमेवर. म्हणजे व्याजावर व्याज चढत नाही. आपल्या उदाहरणात ही पद्धत लावली तर बारा महिने नुसते पाच-पाच हजार आणि तेराव्या महिन्यात व्याजाचे २,९२५ एकरकमी. यातली मेख अशी की बाराव्या हप्त्यानंतर आपण ‘सुटलो’ म्हणून मोकळे होतो आणि तेराव्या महिन्यात पगार कमी आला की चिडतो. चूक कुणाची नसते, कागद नीट वाचलेला नसतो.

खाड्याच्या महिन्यात काय होतं?

आतापर्यंतचा हिशेब पूर्ण पगाराच्या महिन्याचा झाला. खरी कसोटी लागते ती अर्ध्या पगाराच्या महिन्यात.

समजा चौथ्या महिन्यात तुम्हाला टायफॉइड झाला आणि सहा दिवस बिनपगारी गेले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर वीस दिवसांचा पगार होतो सुमारे १५,४००. पीएफ वगैरे थोडं कमी होऊन समजा १,६०० गेले. पण हप्ता आजारी पडत नाही. पाच हजार जातातच. हातात येतात सुमारे ८,८००. नेहमीच्या १८ हजारांची सवय असलेल्या घरात हे निम्म्याहून कमी झाले. सहा दिवसांचा खाडा पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढाही नव्हता, तरी हातातली रक्कम निम्म्यावर आली. कारण हप्ता ठरलेला असतो आणि पगार हलता असतो. म्हणून हप्ता ठरवताना आपला चांगला महिना धरू नका. वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरा. त्या महिन्यात खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे निघतात का, ते बघा.

इथं कायदा एक तळ घालून देतो. वेतन संहितेच्या कलम १८ नुसार एका पगाराच्या काळातली सगळी कपात मिळून त्या पगाराच्या पन्नास टक्क्यांवर जाऊ शकत नाही. ‘सगळी कपात’ हे शब्द महत्त्वाचे. यात पीएफ आला, कर आला, दंड आला आणि ॲडव्हान्सचा हप्ताही आला. नुसता हप्ता निम्म्यापर्यंत चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

आपल्याच उदाहरणात तुम्ही उत्साहात बाराऐवजी आठ महिन्यांत फेडायचं ठरवलं असतं, तर हप्ता झाला असता ७,५००. पूर्ण पगाराच्या महिन्यात कपात ९,५००, म्हणजे वीस हजारांच्या निम्म्याच्या जरा आत. चाललं असतं. पण टायफॉइडच्या महिन्यात पगार १५,४००, त्याच्या निम्मे ७,७००. कपात मात्र १,६०० अधिक ७,५०० म्हणजे ९,१००. मर्यादेपेक्षा १,४०० जास्त. हे १,४०० त्या महिन्यात कापता येत नाहीत. ते माफ होत नाहीत, नियमाप्रमाणे पुढे वसूल होतात. पण त्या महिन्यात तुमच्या हातात निम्मा पगार यायलाच हवा.

या बाबतीत जुन्या आणि नव्या कायद्यात एक फरक आहे. जुन्या कायद्यात सहकारी संस्थेचे हप्ते असतील तर कपात ७५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होती. आपल्याकडे कामगारांच्या पतसंस्था भरपूर आहेत आणि त्यांचे हप्ते पगारातूनच वळते होतात. त्यामुळे पूर्वी पतसंस्थेचा हप्ता आणि कंपनीचा हप्ता मिळून पगाराचा पाव हिस्सा हातात येणारे लोक कायद्याच्या चौकटीतच होते. नव्या संहितेत सरसकट पन्नास टक्के. तुमचे वडील किंवा काका कंपनीत असतील आणि ‘आमच्यात तर पाऊण पगार कापायचे’ म्हणत असतील, तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांचा काळ वेगळा होता.

बिनव्याजी पैशाची किंमत

‘व्याज नाही, मग काळजी कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. बिनव्याजी उचल स्वस्त असते, पण फुकट नसते. तिची किंमत नोकरी सोडताना कळते.

पाच हप्ते झालेत, २५ हजार फिटलेत, ३५ हजार बाकी आहेत. आणि नेमकं तेव्हाच बिडकीनच्या एखाद्या कंपनीतून फोन येतो, तीन हजार जास्त पगार. तुम्ही राजीनामा देता. शेवटच्या महिन्याचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे मिळून समजा २३ हजार होतात. ते सगळे बाकीत वळते करायला तुम्ही स्वतः तयार झालात, तरी १२ हजार उरतात आणि त्या महिन्यात हातात काहीच येत नाही. हे नुकसान नाही, देणं होतंच. पण जे सात महिन्यांत हळूहळू द्यायचं होतं, ते एकदम समोर उभं राहतं. अनेक जण या एका आकड्याकडे बघून चांगली संधी सोडून देतात. मालकाला हे माहीत असतं. चांगला मालक गरज बघून पैसे देतो, पण काही ठिकाणी पैसे देण्यामागे माणूस टिकवण्याचाही हिशेब असतो.

अशा वेळी काय होऊ शकतं आणि काय नाही, हे वेगळं करून ठेवा. बाकी रक्कम हे तुमचं देणं आहे आणि ते नाकारता येत नाही. कंपनी ती अंतिम हिशेबात धरणार आणि उरलेली मागणार. पण पीएफ खात्यातली रक्कम कुठल्याही कर्जापोटी जप्त करता येत नाही, तिला कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे ‘पीएफमधून कापून घेऊ’ ही धमकी पोकळ असते. उचलीपोटी तुमची मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड अडकवून ठेवण्याचा हक्क मालकाला मिळत नाही. आणि नव्या संहितेनुसार राजीनामा दिल्यावर अंतिम पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. ‘ॲडव्हान्सचा हिशेब व्हायचाय, दोन महिने थांबा’ हे त्यात बसत नाही.

शेवटची तारीख नसलेली उचल

हे सगळं वाचताना तुमच्यातल्या काहींना घरातलीच एक गोष्ट आठवली असेल. मराठवाड्याला ‘उचल’ हा शब्द कुणी शिकवायला नको. बीडपासून आपल्या जिल्ह्यापर्यंत कितीतरी गावं आणि तांडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जाण्याआधी मुकादमाकडून कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल घेतलेली असते. ती मालकानं दिलेली आगाऊ रक्कमच आहे. मग कंपनीच्या ॲडव्हान्सपेक्षा ती इतकी जड का होते?

तिथलाही हिशेब करून बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. समजा जोडीनं एक लाख उचल घेतली. ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले, तर १३७ दिवस. म्हणजे साडेचार महिने एकही खाडा न करता. गाळप हंगामच साधारण चार-पाच महिन्यांचा. त्यात पाऊस आला, कारखाना लवकर बंद झाला, बाई आजारी पडली की दिवस जातात. अधूनमधून खर्चीला घेतलेले पैसे उचलीतच चढतात. खाड्याचा दंडही काही ठिकाणी चढतो. हंगाम संपतो, टन कमी पडतात आणि ‘बाकी’ राहते. ही बाकी फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. कंपनीच्या हप्त्यात महिन्याला पाच हजार ठरलेत, बारावा महिना ठरलाय, पगाराच्या निम्म्यावर कपात जात नाही आणि दर महिन्याला बाकी किती ते स्लिपवर दिसतं. ऊसतोडीच्या उचलीत हप्ता ठरलेला नसतो, शेवटची तारीख नसते आणि हिशेबाची वही मुकादमाकडे असते. रक्कम दोन्हीकडे तेवढीच असू शकते. माणूस अडकतो तो रकमेमुळे कमी आणि हिशेब त्याच्या हातात नसल्यामुळे जास्त.

कायदा या टोकाला काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा सांगतो की दिलेल्या उचलीच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा मोकळेपणानं ये-जा करण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं, तर ती वेठबिगारी होते. पैसे परत मागणं हा हक्क आहे. पैशापोटी माणूस धरून ठेवणं हा गुन्हा आहे. ही रेघ शेतात जशी आहे, तशीच एमआयडीसीतही आहे.

आणि एमआयडीसीत तिची गरज पडत नाही, असं समजू नका. शेंद्र्यात काम करणारा प्रत्येक जण कंपनीच्या रोलवर नसतो. बरेच जण ठेकेदाराच्या रोलवर असतात. कंपनीची कर्ज योजना सहसा कायम कामगारांसाठी असते. ठेकेदाराच्या मुलाला पैसे मिळतात ते ठेकेदाराच्या खिशातून, तोंडी बोलीवर, आणि नोंद होते त्याच्या डायरीत. युनिफॉर्म तोच, गेट तेच, पण उचल मात्र मुकादमाच्या पद्धतीची. फेडलेले तीन हप्ते डायरीत चढलेच नाहीत, तर सिद्ध कसं करणार?

सही करण्याआधी

म्हणून पैसे घ्या, गरज असेल तर नक्की घ्या. संकटात सावकारापेक्षा आणि कर्ज देणाऱ्या भुरट्या ॲपपेक्षा मालकाचे पैसे परवडतात. फक्त सही करण्याआधी एक कागद मागा. त्यावर रक्कम, व्याजाचा दर, ते पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर, महिन्याचा हप्ता, शेवटच्या हप्त्याचा महिना आणि एकूण परत द्यायची रक्कम एवढं असलं पाहिजे. आणखी दोन ओळी लिहून घेता आल्या तर सोन्याहून पिवळं. पगार कमी पडलेल्या महिन्यात हप्त्याचं काय होणार आणि मध्येच नोकरी सोडली तर बाकी कशी फेडायची. एचआरवाले याला नाही म्हणत नाहीत. मोठ्या कंपन्यांत हा तक्ता कॉम्प्युटरमधून निघतोच, आपण मागत नाही म्हणून तो आपल्यापर्यंत येत नाही. ठेकेदार कागद देत नसेल, तर निदान पैसे बँक खात्यात किंवा यूपीआयनं घ्या, म्हणजे रकमेची आणि तारखेची नोंद राहते. ठरलेलं सगळं त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्याचं ‘ओके’ जपून ठेवा.

मग दर महिन्याला पगाराची स्लिप घ्या. ती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. स्लिपवर ‘इतर कपात’ अशी मोघम ओळ दिसली तर विचारा, कसली? ॲडव्हान्सचा हप्ता वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. तुमच्या तक्त्यातला आकडा आणि स्लिपवरचा आकडा जुळला की टिक करा. जुळला नाही तर त्याच महिन्यात बोला, कारण वर्षानंतर कुणाला काही आठवत नाही. बोलून भागलं नाही, तर संभाजीनगरात कामगार उपायुक्तांचं कार्यालय आहे. बेकायदा कपातीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि तो तुमच्या वतीनं युनियनही करू शकते. अशा वेळी साहेब पहिला प्रश्न विचारतात, कागद आहे का?

आज संध्याकाळी घरी एक छोटं काम करून बघा. आई, वडील, दादा, ताई यांपैकी जे कुणी नोकरीला किंवा तोडीला जातात, त्यांना विचारा की सध्या कुणाचे किती पैसे उचललेत, हप्ता किती आणि शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन मिळतील. तिसऱ्याला घरात शांतता पसरली, तर वही घेऊन बसा आणि त्यांच्यासोबत तो महिना शोधून काढा.